थेंब वाढवले तरी सुगंध का टिकत नाही?

वाचकाचे पत्र

थंडी सुरू झाल्यापासून मी रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत डिफ्यूझर लावते आणि त्यात गवती चहाचे सुगंधी तेल घालते. पहिली दहा-पंधरा मिनिटे खोली सुगंधाने भरून जाते आणि मग वास नाहीसाच होतो. आधी सहा थेंब घालत होते, आता वीस-बावीसपर्यंत गेले आहे, तरी तीच गत. तेलात भेसळ असेल म्हणून लिंबाचे आणि सिट्रोनेलाचे तेलही आणून पाहिले, पण फरक पडला नाही. सासूबाई म्हणतात की संध्याकाळी डोके जड होते आणि घसा खवखवतो. यजमानांना वाटते की त्यांना मुळात वासच आवडत नाही म्हणून त्या तसे बोलतात. आता तेल बदलू, यंत्र बदलू की थेंब आणखी वाढवू?

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तिन्ही पर्यायांपैकी एकही आज निवडू नका. ते तिन्ही एकाच समजुतीवर उभे आहेत: पंधरा मिनिटांनी खोलीतला सुगंध संपतो. ही समजूत आधी तपासून पाहू, कारण ती खरी असेल तर उपाय एक आहे आणि खोटी असेल तर नेमका उलटा आहे.

एका संध्याकाळचा हिशेब मांडू. आपल्या डिफ्यूझरच्या टाकीत साधारण 100 मिलिलिटर पाणी मावते आणि भरलेली टाकी तीन तास चालते, असे धरू. घरगुती यंत्रे बहुधा याच मापाची असतात. सात वाजता आपण सहा थेंब घालून यंत्र सुरू केले. सव्वासातला वास गेला असे आपल्याला वाटले. तोपर्यंत तीन तासांपैकी पंधरा मिनिटे झालेली आहेत, म्हणजे टाकीतल्या पाण्याचा फक्त बारावा हिस्सा धुके होऊन बाहेर पडला आहे. तेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे सुरुवातीला ते थोडे अधिक प्रमाणात निघते आणि हा हिशेब ढोबळच राहतो. तरीही सहा थेंबांतला मोठा भाग अजून टाकीतच आहे. शिवाय थंडीमुळे खिडक्या लावलेल्या असतील, तर बाहेर आलेले तेल खोलीतून फारसे निघून गेलेले नाही. याचा अर्थ असा की सव्वासात वाजता खोलीतल्या हवेत सुगंधी द्रव्य सात वाजून पाच मिनिटांपेक्षा जास्त आहे आणि ते अजून वाढतच आहे. कमी झाली आहे ती आपल्याला होणारी त्याची जाणीव.

नाक असे का वागते, ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. नाकपुडीच्या अगदी वरच्या टोकाला, डोळ्यांच्या पातळीजवळ, वास ओळखणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशींच्या टोकांवर ग्राही प्रथिने असतात. माणसात त्यांचे सुमारे 400 प्रकार काम करतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी या ग्राहींचे मोठे जनुककुल 1991 मध्ये उजेडात आणले आणि त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. गवती चहाचा मुख्य घटक सिट्राल आहे. त्याचा रेणू आपल्या जोडीच्या ग्राहीला चिकटला की पेशीच्या भिंतीतली सूक्ष्म दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि मेंदूकडे संदेश जातो. हेच आत शिरलेले कॅल्शियम नंतर त्या दारांना मंद करते. रेणू येत राहिले तरी दारे पहिल्यासारखी उघडत नाहीत आणि संदेश क्षीण होत जातो. ही क्रिया काही सेकंदांत सुरू होते.

त्याच्या जोडीला मेंदूही आपले काम करतो. न बदलणारा वास ही त्याच्या लेखी बातमी नसते. नवा धूर, नासलेले अन्न किंवा परका माणूस वासावरून ओळखता यावा, यासाठी तो स्थिर वासाला पाठीमागे ढकलतो आणि बदलाची वाट पाहतो. नाक सरावले असे आपण म्हणतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. लासलगाव-निफाडकडे ज्यांच्या अंगणात कांदाचाळ आहे, त्यांना चाळीचा वास जाणवत नाही आणि पाहुण्याला मात्र तो फाटकापासून येतो. चाळीतला कांदा त्या दोघांसाठी वेगळा नसतो. आपल्या बैठकीच्या खोलीत आपण चाळीच्या मालकाच्या जागी आहात आणि बाहेरून येणारा पाहुण्याच्या.

हे पटवून घेण्यासाठी एक साधी चाचणी करा, आणि ती थेंब न वाढवता करा. सहा थेंब घालून यंत्र सुरू करा. वास गेला असे वाटले की मागचे दार ओढून गॅलरीत किंवा जिन्यात जा आणि तिथे दहा-पंधरा मिनिटे थांबा. स्वयंपाकघरात जाऊन थांबू नका, कारण घरातली हवा सगळीकडे मिसळलेली असते. परत आत पाऊल टाकताच पहिल्या श्वासाला गवती चहा जाणवला, तर सुगंध खोलीतच होता. याहून खात्रीची चाचणी म्हणजे त्या दिवशी घरी नसलेल्या शेजारणीला बोलावणे. तिला आधी काही सांगू नका. फक्त आत येताना वास येतो का आणि किती येतो, एवढेच विचारा. आपल्या नाकाला शून्य आणि तिच्या नाकाला भरपूर, असे निघाले तर प्रश्न तेलाचा नाही.

आता थेंब वाढवण्याकडे वळू. सहाचे चोवीस केले म्हणजे सुगंध चौपट होईल, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात वासाची जाणीव द्रव्याच्या प्रमाणात वाढत नाही. बहुतेक वासांच्या बाबतीत हवेतले द्रव्य चौपट झाले, तर ताज्या नाकालाही तो वास दुपटीच्या आसपास किंवा त्याहून कमी तीव्र वाटतो. सरावलेल्या नाकाला तर त्याहूनही कमी. शिवाय नवी तीव्रताही पुन्हा काही मिनिटांत सवयीची होते. त्यामुळे प्रत्येक वेळी थोडा वेळ बरे वाटते, मग पुन्हा पोकळी वाटते, आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. आपण सहावरून बावीसवर पोहोचलात ते याच वाटेने. आपल्या जागी दुसरे कोणी असते, तर तेही याच वाटेने गेले असते.

लिंबाचे आणि सिट्रोनेलाचे तेल आणून फरक का पडला नाही, याचेही उत्तर इथेच आहे. सवय ठरावीक वासाची होते, सगळ्या वासांची नव्हे; म्हणूनच गवती चहा जाणवेनासा झाला तरी स्वयंपाकघरातली फोडणी आपल्याला लगेच जाणवते. पण जे वास एकमेकांच्या जवळचे असतात, त्यांच्यात ही सवय काही अंशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. लिंबाच्या सालीतही सिट्राल असते आणि सिट्रोनेला तर गवती चहाचा सख्खा भाऊच आहे. एका लिंबसर वासाला सरावलेल्या नाकासमोर आपण दुसरे दोन लिंबसर वास ठेवलेत. वास बदलायचाच असेल, तर तो निराळ्या कुळातला हवा, जसे चंदन किंवा वाळा. आणि तोही रोज लावलात तर काही दिवसांनी त्याचीही हीच गत होईल.

येथे मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती सासूबाईंच्या तक्रारीची, आणि यजमानांच्या अंदाजाशी मी सहमत नाही. नाकात वास ओळखणाऱ्या चेतेशिवाय आणखी एक चेता काम करत असते. चेहऱ्याची, डोळ्यांची आणि नाकाच्या आतल्या त्वचेची चुरचुर, जळजळ आणि टोचणी ती मेंदूला सांगते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते ते तिच्यामुळे. वासाची जाणीव मंदावते त्याच पद्धतीने ही चुरचुर मंदावेल, असे नाही. दाट हवेत बराच वेळ बसल्यास ती वाढत जाऊ शकते. म्हणजे वास येईनासा झालेल्या खोलीत घसा खवखवू शकतो आणि डोके जड होऊ शकते, आणि या दोन गोष्टींत कुठलाही विरोध नाही. सासूबाईंना वास आवडत नसेलही, पण त्यांचा घसा आवडीनिवडीवरून खवखवत नाही. बावीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर शुद्ध तेल. ते रोज, बंद खोलीत, तासन्‌तास हवेत सोडले जात असेल, तर त्यांच्या तक्रारीला पुरेसे कारण घरातच आहे. गवती चहा, लिंबू, संत्रे यांच्या तेलांतील काही घटक हवेतल्या ओझोनशी संयोग पावून अगदी थोड्या प्रमाणात फॉर्माल्डिहाइडसारखी चुरचुर आणणारी द्रव्ये आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात, आणि दारे-खिडक्या बंद असल्या की ते खोलीतच राहतात.

म्हणून पहिले पाऊल असे: त्यांच्या तक्रारी पूर्ण थांबेपर्यंत डिफ्यूझर बंद ठेवा. निदान दोन आठवडे तरी तो लावू नका. यात आपलाही फायदा आहे. पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी दोन आठवडे घरात एकच वास ठेवला होता. त्या वासाची त्यांची जाणीव कमी झाली आणि वास काढून टाकल्यावरही ती लगेच पूर्ववत झाली नाही. पंधरा मिनिटांची सवय गॅलरीतल्या मोकळ्या हवेत भरून निघते, पण आठवड्यांची सवय भरून निघायला वेळ द्यावा लागतो. आपण थंडी सुरू झाल्यापासून रोज एकाच कुळातले वास वापरत आहात, तेव्हा गॅलरीतून परतल्यावर पहिल्या श्वासाला जाणीव क्षीण वाटली तरी घाबरू नका आणि त्यावरून तेलाला दोषही देऊ नका.

दोन आठवड्यांनंतर पुन्हा सुरू कराल, तेव्हा थेंब मोजायचे ते खोलीच्या मापाने आणि वेळेने. नाकाने मोजू नका. दहा बाय बारा फुटांच्या खोलीसाठी 100 मिलिलिटर पाण्यात तीन ते पाच थेंब पुरेसे आहेत, आणि मी आपल्याला तीनपासून सुरुवात करायला सांगेन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्र सतत चालू ठेवू नका. अर्धा तास चालू आणि मग अर्धा ते एक तास बंद, हा क्रम ठेवा. अनेक यंत्रांना थांबत-थांबत चालण्याचे बटण असते. नसल्यास प्लगमध्ये बसवायचा टायमर किंवा फोनवरचा गजर चालतो. बंद काळात खिडकी दोन बोटे उघडी ठेवा. नाशिकच्या जानेवारीत हे कोणाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, पण थोडी हवा खेळती ठेवल्याशिवाय नाकाला विसावा मिळत नाही आणि नव्या सुगंधाची बातमी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मध्ये पडलेल्या खंडामुळेच पुढचा अर्धा तास पुन्हा सुगंधी वाटतो. थेंब वाढवून जे मिळत नव्हते, ते यंत्र बंद ठेवून मिळते.

यंत्राची जागाही बदला. आपल्या बैठकीजवळ किंवा सासूबाईंच्या खुर्चीजवळ ते ठेवलेत, तर तिथे बसणाऱ्याला आधी तीव्र वास येतो आणि मग काहीच येत नाही. दाराच्या आत, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवल्यास आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी सुगंध नव्याने भेटतो. पाहुणे येणार असतील, तर ते येण्याच्या अर्धा तास आधी लावा आणि घंटी वाजली की बंद करा. त्यांना दारात पुरेसा सुगंध मिळेल आणि पुढे गप्पांच्या वेळी हवा जड होणार नाही. आपल्याला त्या वेळी काही जाणवणार नाही. तेव्हा थेंब वाढवण्याचा मोह आवरा आणि शंका वाटलीच तर आलेल्याला विचारा.

आता काही वेळा सुगंध खरोखरच कमी होतो, तेही सांगायला हवे. पंखा वेगात असेल आणि खिडक्या सताड उघड्या असतील, तर तेल बाहेर जाते. त्यावर थेंब हा उपाय नाही. टाकीत तेलाचा चिकट थर साचला किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार तळाच्या कंप पावणाऱ्या चकतीवर बसला, तर धुके कमी येते. धुके डोळ्यांना दिसते, म्हणून ही ओळख सोपी आहे: धुके पातळ असेल तर यंत्र स्वच्छ करा, धुके पूर्वीसारखे असेल तर यंत्राचा दोष नाही. प्रत्येक वापरानंतर उरलेले पाणी ओतून टाका, आणि आठवड्यातून एकदा यंत्राचा प्लग काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने चकती हलकेच पुसा. ज्यांच्याकडे यंत्राऐवजी खाली दिवा लावायची मातीची किंवा चिनी मातीची धुपाटणी आहे, त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट घडते: उष्णतेने हलके, लिंबसर घटक आधी उडून जातात आणि जड घटक मागे राहतात, त्यामुळे तासाभराने सुगंधाचा तोंडवळाच बदलतो. तो बदल खरा असतो, नाकाचा भास नसतो.

भेसळीच्या शंकेसाठी घरी एवढेच करता येते. कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाका आणि पट्टी उघड्या जागी एक दिवस ठेवा. गवती चहाचे तेल वाफेने काढलेले असते. ते शुद्ध असल्यास जवळजवळ उडून जाते. स्पष्ट तेलकट, पारदर्शक डाग राहिला, तर त्यात खाद्यतेलासारखे काहीतरी मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. मात्र कारखान्यात तयार केलेले स्वस्त सिट्राल मिसळलेले असेल तर या पट्टीला ते कळणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. दुकानदाराशी वाद घालण्यापूर्वी शेजारणीची चाचणी आणि ही पट्टी, दोन्ही करून पाहा. एक जोडून सांगते: अत्तराच्या दुकानांत वास बदलताना कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण नाक ताजे करण्यात त्यांचा साध्या हवेपेक्षा अधिक उपयोग होत असल्याचे आढळलेले नाही. स्वतःच्या सुती बाहीत दोन-तीन श्वास घ्या, तेवढे पुरते.

ज्या घरांत लहान बाळ आहे, कोणाला दमा आहे, किंवा मांजर वा पिंजऱ्यातले पक्षी आहेत, त्यांनी डिफ्यूझर वापरण्यापूर्वी अनुक्रमे बालरोगतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर किंवा पशुवैद्य यांना विचारावे. मांजराच्या यकृताला या तेलांतील काही घटक पचवता येत नाहीत आणि निलगिरी व कापूर लहान मुलांच्या श्वासासाठी धोक्याचे ठरू शकतात. येथे तीन थेंब आणि बावीस थेंब यांत फक्त प्रमाणाचा प्रश्न राहत नाही.

नाक सरावण्याची हीच गोष्ट एका ठिकाणी जिवावर बेतू शकते, म्हणून विषयाला धरूनच तिचा उल्लेख करते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. गॅसचा वास आला आणि काही मिनिटांनी तो कमी वाटला, तर गळती थांबली असे समजू नका. नाक त्यालाही सरावते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून 1906 या क्रमांकावर कळवा.

दोन आठवडे डिफ्यूझर बंद ठेवूनही सासूबाईंचे डोके जड राहिले आणि घसा खवखवतच राहिला, तर कारण दुसरे आहे आणि ते डॉक्टरांना दाखवायला हवे. त्या भेटीत किती थेंब, किती तास आणि किती दिवस वापरले, हेही सांगा. आपल्या बाबतीत, बाहेरून आत येतानाही गवती चहा जाणवला नाही आणि शेजारणीला मात्र जाणवला, तर कॉफी, हिंग आणि साबण हुंगून पाहा. त्यांचे वास नेहमीसारखे येत असतील, तर ही जुनी सवय आहे आणि तिला आणखी काही आठवडे द्यावे लागतील. तेही फिके वाटत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि तोपर्यंत शिळे अन्न किंवा गॅस वासावरून तपासण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा.